कर्ज फेडू की पैसे गुंतवू?

हातात पाच लाख रुपये जास्तीचे आले आहेत. बोनस असेल, गावची जमीन विकून आलेला वाटा असेल, विम्याची मुदत पूर्ण झाली असेल. गृहकर्ज चालूच आहे. हे पैसे कर्जात भरून टाकावेत, की म्युच्युअल फंडात घालावेत? घरातली वडील मंडळी म्हणतात, आधी डोक्यावरचं ओझं उतरवा. ऑफिसातला मित्र म्हणतो, कर्ज साडेआठ टक्क्यांचं आहे आणि बाजार बारा टक्के देतो, मग फेडायचं कशाला?

दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, पण दोघांनीही आकडे एकमेकांसमोर नीट मांडलेले नसतात. ते या प्रकरणात मांडू.

१. एक जोडपं, एक कर्ज

पुण्यात वाकडला राहणारं एक जोडपं घेऊ. दोघांची वयं अडतिशीच्या आसपास. पगार एकाचाच, वर्षाला अठरा लाखांच्या घरात. नव्या करप्रणालीत त्यांच्या वरच्या उत्पन्नावर २० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे एकूण २०.८ टक्के कर लागतो. गृहकर्जाचं शिल्लक मुद्दल ४० लाख, उरलेली मुदत १५ वर्षं, व्याजदर ८.५ टक्के, तोही फ्लोटिंग. महिन्याचा हप्ता ३९,३९० रुपये. काहीच न करता हप्ते भरत राहिले, तर १८० हप्त्यांत ७०.९ लाख भरले जातील. त्यातलं व्याज ३०.९ लाख.

आता त्यांनी पाच लाख कर्जात भरले आणि हप्ता तेवढाच ठेवला असं समजा. मुद्दल ३५ लाखांवर येतं आणि कर्ज १८० ऐवजी सुमारे १४१ महिन्यांत संपतं. हा आकडा एक्सेलमध्ये एका ओळीत मिळतो:

```
=NPER(8.5%/12,-39390,3500000)
```

तुमचा दर, तुमचा हप्ता आणि भरणा केल्यावर उरणारं मुद्दल घातलं की तुमच्या कर्जाचे महिने मिळतील. इथे उत्तर येतं १४०.६. म्हणजे सव्वातीन वर्षांचे हप्ते वाचले आणि व्याजात साधारण साडेदहा लाखांची बचत झाली. पाच लाख भरून साडेदहा लाख वाचले हे ऐकायला फार गोड वाटतं, आणि बहुतेक लोकांचा निर्णय इथेच होतो.

२. साडेदहा लाख वाचले, पण कधी?

वाचलेले हप्ते आज हातात येत नाहीत. ते १४१व्या महिन्यानंतर, म्हणजे पावणेबारा वर्षांनी वाचायला लागतात. आजचे पाच लाख आणि बारा वर्षांनंतर वाचणारे रुपये एकाच पाटीवर लिहून त्यांची वजाबाकी करता येत नाही. दोन्ही पर्यायांचा हिशेब एकाच दिवशी थांबून करायला हवा. तो दिवस म्हणून मूळ मुदत जिथे संपते तो १५व्या वर्षाचा शेवट धरू.

बँकेत भरलेले पाच लाख ८.५ टक्के वाचवत राहतात. महिन्याला चक्रवाढ धरली तर १५ वर्षांनी त्यांची किंमत १७.८ लाख होते. व्याजाची बचत किती झाली हे विसरा. कर्ज फेडण्याचा खरा मोबदला हा आहे. पाच लाखांवर साडेआठ टक्के, आणि वाचलेल्या व्याजावर कर नसल्यामुळे ते पूर्ण हातात.

हे पटवून घ्यायला दुसरी वाट तपासू. भरणा केल्यावर बँक विचारते, मुदत कमी करू की हप्ता? हप्ता कमी करायला सांगितलं तर तो ३४,४६६ वर येतो, महिन्याला ४,९२४ रुपये वाचतात, पण व्याजातली एकूण बचत फक्त ३.९ लाख दिसते. साडेदहा विरुद्ध चार! म्हणून सगळे सांगतात की मुदतच कमी करा. पण दर महिन्याला वाचलेले हे ४,९२४ रुपये त्याच ८.५ टक्क्यांनी बाजूला टाकत गेलात, तर १५ वर्षांनी तेही बरोबर १७.८ लाख होतात. दोन्ही वाटांचा दर एकच आहे. फरक एवढाच की एकीत पैसे दर महिन्याला थोडे थोडे परत मिळतात आणि दुसरीत सगळे शेवटी. महिन्याला मिळालेले पैसे बहुतेकांकडून खर्च होतात, म्हणून मी स्वतः मुदत कमी करण्याच्या बाजूचा आहे. पण ते कारण सवयीचं आहे, गणिताचं नाही.

शेवटी वाचलेल्या हप्त्यांनाही हाच नियम लागू होतो. कर्ज संपल्यावर उरलेले ३९ महिने दरमहा ३९,३९० रुपये साठले नाहीत, तर १७.८ लाख कागदावरच राहतात. ते साध्या बँक ठेवीत साठले, तर कर वजा जाता १६.९ लाख होतात. हे दोन आकडे लक्षात ठेवू, पुढे लागतील.

३. "सुरुवातीलाच फेडा, नंतर उपयोग नाही"

हा सल्ला इतक्या ठामपणे दिला जातो की त्यावर थांबायलाच हवं. कारण असं सांगतात की पहिल्या वर्षांत हप्त्यात व्याज जास्त असतं आणि शेवटच्या वर्षांत मुद्दल, म्हणून शेवटी फेडून फायदा नाही.

आपल्या कर्जात पहिल्या महिन्याचं व्याज २८,३३३ रुपये आहे. पाच लाख भरले तर ते २४,७९२ होतं, म्हणजे ३,५४१ रुपयांनी कमी. आता कर्जाची फक्त तीन वर्षं उरली आहेत असं धरू. तेव्हा शिल्लक मुद्दल सुमारे साडेबारा लाख आणि त्या महिन्याचं व्याज ८,८३९ रुपये. पाच लाख भरले तर ते ५,२९७ होतं. घट पुन्हा तेवढीच. व्याज हप्त्यावर आकारलं जात नाही, शिल्लक मुद्दलावर आकारलं जातं, आणि पाच लाख कमी मुद्दलाचं एका महिन्याचं व्याज कर्जाच्या कुठल्याही वर्षी तेवढंच भरतं.

सुरुवातीला भरण्याचा फायदा मोठा दिसतो, कारण तो पंधरा वर्षं चालतो. शेवटी भरलेल्या पैशाला तीनच वर्षं मिळतात, पण त्या तीन वर्षांत दर तोच मिळतो. म्हणून कर्जाची चार वर्षं उरली आहेत एवढ्या कारणाने कुणी पाच लाख करानंतर साडेपाच टक्के देणाऱ्या ठेवीत ठेवत असेल, तर तो दरवर्षी निष्कारण पैसे घालवतो आहे.

४. साडेआठ टक्क्यांशी कोण बरोबरी करतं?

मुदत ठेव करत नाही. ७ टक्क्यांच्या ठेवीवर २०.८ टक्के कर गेला की हातात ५.५ टक्के उरतात. पाच लाखांचे १५ वर्षांनी सव्वाअकरा लाखांच्या आसपास होतात. कर्जात भरले असते तर सतराच्या आसपास झाले असते. गृहकर्ज चालू असताना मोठ्या ठेवी बाळगणं म्हणजे एका शेजाऱ्याकडून साडेआठने उसने घेऊन दुसऱ्याला साडेपाचने देणं. आपल्याकडे लाखो घरांत हेच चालतं, कारण ठेवीची पावती कपाटात दिसते आणि वाचलेलं व्याज दिसत नाही.

पीपीएफचा ७.१ टक्के दर करमुक्त आहे, तरी तो साडेआठच्या खालीच राहतो, आणि वर्षाला दीड लाखांची मर्यादा आहे. भविष्य निर्वाह निधीचा ८.२५ टक्के दर बरोबरीच्या जवळ येतो, पण तिथे एकरकमी पाच लाख भरता येत नाहीत. पगारातूनच वाढीव कपात करावी लागते.

उरला शेअर बाजार.

५. बाजाराला किती पळावं लागेल?

पाच लाख इंडेक्स फंडात घातले आणि १५ वर्षांनी काढले असं धरू. सव्वा लाखांवरच्या दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के कर आणि त्यावर उपकर, म्हणजे एकूण १३ टक्के. वार्षिक १२ टक्के मिळाले तर कर जाऊन २४.६ लाख हातात येतात. १० टक्के मिळाले तर १९ लाख. ८ टक्के मिळाले तर १४.६ लाख.

समोर कर्ज फेडण्याचे १६.९ ते १७.८ लाख आहेत. हिशेब उलटा केला की बरोबरीचा दर निघतो: फंडाने सगळा खर्च जाऊन वर्षाला ९.१ ते ९.५ टक्के द्यायला हवेत. या प्रकरणातला सर्वात उपयोगी आकडा हाच. "बाजार बारा देतो का" असं विचारण्यापेक्षा "पुढची पंधरा वर्षं साडेनऊच्या वर राहील का" असं विचारा. कर्जाचा दर साडेसात असेल तर हीच रेषा ८.४ टक्क्यांच्या जवळ उतरते आणि गुंतवणुकीची बाजू बरीच बळकट होते. उलट दर साडेनऊ झाला तर रेषा साडेदहाच्याही वर जाते.

राहील का? इथे सरासरीपेक्षा दोन खऱ्या तारखा जास्त सांगतात. ८ जानेवारी २००८ रोजी सेन्सेक्स २०,८७३ वर बंद झाला. पंधरा वर्षांनी, जानेवारी २०२३ मध्ये, तो ६० हजारांच्या आसपास होता. ही वाढ वर्षाला सुमारे ७.३ टक्के, आणि लाभांश धरला तर साडेआठ-पावणेनऊ. आजच्या कराच्या नियमांनी मोजलं तर पाच लाखांचे साधारण १६ लाख. म्हणजे पंधरा वर्षं संयम ठेवूनही आपल्या रेषेच्या खालीच.

आता चौदा महिने पुढे येऊ. ९ मार्च २००९ रोजी सेन्सेक्स ८,१६० वर बंद झाला. मार्च २०२४ मध्ये तो ७४ हजारांच्या जवळ होता. लाभांश न धरताही वर्षाला पंधरा टक्क्यांहून जास्त! दोन माणसं, दोघांचीही पंधरा वर्षं, सुरुवातीत फक्त चौदा महिन्यांचं अंतर. पहिल्याच्या बाबतीत कर्ज फेडणं थोडं सरस ठरलं असतं, दुसऱ्याच्या बाबतीत गुंतवणूक कितीतरी पटींनी. कोण शहाणा होता हे सुरुवातीला कुणालाच ठरवता आलं नसतं.

पहिल्या माणसाची आणखी एक गोष्ट आकड्यांत दडलेली आहे. मार्च २००९ मध्ये त्याच्या पाच लाखांचे १ लाख ९५ हजार झाले होते. नेमक्या त्याच काळात जगभर मंदी होती आणि पुण्या-बंगळुरूच्या आयटी कंपन्यांत नोकऱ्यांवर टांगती तलवार होती. बाजार पडणं आणि पगार थांबणं या दोन गोष्टी बऱ्याचदा हातात हात घालून येतात. हप्ता मात्र ठरल्या तारखेला जातोच. पंधरा वर्षांच्या सरासरीवर भरवसा ठेवणाऱ्याला चौदाव्या महिन्यातच फंड विकून हप्ता भरावा लागला, तर ती सरासरी त्याच्या वाट्याला येत नाही.

६. जुन्या करप्रणालीत असाल तर

आपलं जोडपं नव्या प्रणालीत आहे. तिथे स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जव्याजावर वजावट नाही, म्हणून ८.५ म्हणजे ८.५च. जुन्या प्रणालीत वर्षाला दोन लाखांपर्यंतचं व्याज उत्पन्नातून वजा होतं, आणि त्यावरून लोक म्हणतात की कर वाचतोय तर कर्ज फेडू नका.

पण ४० लाखांच्या कर्जावर पहिल्या वर्षाचं व्याज ३.३५ लाख आहे. पाच लाख फेडल्यावर ते २.९१ लाख होतं. दोन्ही वेळा वजावट मिळते दोन लाखांचीच. म्हणजे फेडल्यामुळे कराचा एक रुपयाही गेला नाही. जे व्याज वाचलं त्यावर सवलत मुळात मिळतच नव्हती. शिल्लक मुद्दल साडेतेवीस लाखांच्या खाली गेलं की चित्र बदलतं. तिथे वर्षाचं व्याज दोन लाखांपेक्षा कमी होतं, वाचणाऱ्या प्रत्येक रुपयासोबत वजावटही जाते, आणि ३० टक्के टप्प्यातल्या माणसाला ८.५ टक्क्यांचं कर्ज प्रत्यक्षात ५.८५ टक्क्यांना पडतं. तेवढ्या स्वस्त पैशाची घाईने परतफेड करू नये. पती-पत्नी दोघंही घराचे मालक आणि सहकर्जदार असतील आणि दोघंही हप्ते भरत असतील, तर दोघांनाही दोन-दोन लाखांची मर्यादा मिळते. मग ही सीमा त्यांच्यासाठी बरीच वर, साधारण सत्तेचाळीस लाखांवर येते.

७. बँकेत गेलेला पैसा परत येत नाही

कर्जात भरलेले पाच लाख अडचणीच्या वेळी परत मागता येत नाहीत. टॉप-अप कर्ज मिळू शकतं, पण नोकरी गेल्यावर बँक ते सहजासहजी देत नाही, आणि गरज तर तेव्हाच असते. म्हणून फेडण्याआधी सहा महिन्यांचा खर्च हाताशी असायला हवा, आणि त्या खर्चात हप्ताही धरायचा. आपल्या जोडप्याचा घरखर्च साठ हजार आणि हप्ता एकोणचाळीस हजार, म्हणजे सहा महिन्यांचे सहा लाख. त्यांच्याकडे सध्या चार लाखांची ठेव आहे.

ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं गृहकर्ज हा मधला मार्ग आहे. त्यात जोडलेल्या खात्यात ठेवलेले पैसे मुद्दलातून वजा धरून व्याज आकारतात, आणि हवे तेव्हा काढता येतात. पण त्याचा दर अनेकदा थोडा जास्त असतो. तो पाव टक्का जास्त आहे असं धरा: ४० लाखांवर वर्षाला दहा हजार. त्या खात्यात पाच लाख ठेवल्यावर वाचणार साडेबेचाळीस हजार. म्हणजे बचतीचा जवळजवळ चौथा हिस्सा पैसे काढता येण्याच्या सोयीसाठी गेला. कायम पंधरा-वीस लाख बाळगणाऱ्या व्यावसायिकाला हे परवडतं. आपल्या जोडप्याला नाही.

८. पाच लाखांचं काय केलं

दोन लाख आपत्कालीन ठेवीत गेले आणि सहा लाख पूर्ण झाले. निवृत्तीसाठी त्यांची दरमहा बारा हजारांची एसआयपी आधीपासून चालू आहे, तिला हात लावला नाही. उरलेले तीन लाख त्यांनी कर्जात भरावेत असं माझं मत. बाजारातून मिळणारा जास्तीचा परतावा त्यांच्या वाट्याला एसआयपीतून येतोच आहे. तीन लाखांवर साडेनऊच्या वरची पैज लावण्यापेक्षा एकाच पगारावर चालणाऱ्या घराला पंचवीस हप्ते कमी होणं जास्त मोलाचं आहे. एसआयपीच नसती, किंवा कर्ज साडेसात टक्क्यांचं असतं आणि दोघंही कमावते असते, तर मी उलट सांगितलं असतं.

बँकेत जाण्याआधी एक गोष्ट पाहायची: नव्या ग्राहकाला आज काय दराने कर्ज मिळतं. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी फ्लोटिंग गृहकर्जं रेपोसारख्या बाह्य दराशी जोडलेली असतात, पण रेपोवर बँक जो फरक लावते तो जुन्या ग्राहकांसाठी अनेकदा जास्त राहतो, आणि त्याआधीची काही कर्जं अजून जुन्याच पद्धतीवर आहेत. रूपांतराचं शुल्क भरून दर अर्ध्या टक्क्याने उतरला, तर ४० लाखांवर वर्षाला जवळजवळ वीस हजार वाचतात, आणि त्यासाठी पाच लाख गुंतवावे लागत नाहीत.

मग अर्ज. फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड घेता येत नाही. रिझर्व्ह बँकेने बँकांना तशी बंदी २०१२ मध्येच घातली आहे. अर्जात स्पष्ट लिहायचं: "हा भरणा मुद्दलात जमा करावा, हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी." त्यानंतर परतफेडीचं नवं वेळापत्रक मागून घ्यायचं. काही वेळा शाखेत ही रक्कम पुढच्या हप्त्यांची आगाऊ रक्कम म्हणून नोंदली जाते, आणि मग मुद्दल कमी होतच नाही. हे ओळखायला सोपी खूण आहे. तीन लाखांचं एका महिन्याचं व्याज ८.५ टक्क्यांनी २,१२५ रुपये होतं. भरण्यानंतरच्या पहिल्या पूर्ण महिन्यात व्याजाचा आकडा आधीच्या महिन्यापेक्षा निदान तेवढ्याने उतरलेला दिसला पाहिजे. नसेल, तर त्याच आठवड्यात लेखी तक्रार देऊन भरण्याच्या तारखेपासून व्याज पुन्हा मोजून घ्यावं.